अकरा ते अकराचा उंचवटा

पाइल पास की नापास हे सांगायला मला सहसा दहा मिनिटं लागतात. त्या एका पाइलला मी चार दिवस घेतले, आणि त्या चार दिवसांत ऑफिसातला एकही माणूस माझ्याशी धड बोलला नाही. तसा मी फटकळ स्वभावाचा दाखला लहानपणीच मिळवलेला आहे, त्यामुळे नवीन काही झालं असं नाही.

बारामतीत आमची माती-काँक्रीट तपासायची प्रयोगशाळा आहे. तिथे पाइलच्या भारचाचणीचे अहवाल मी लिहिते. साइटवरून नोंदवही येते, मी तिच्यावरून तक्ते करते, आलेख काढते, निकष लावते आणि शेवटच्या पानावर सही करते. सही प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचीही असते, पण आधी माझी.

त्या वेळची नोंदवही पळसदेवहून आली होती. उजनी धरणामागे पसरणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे फुगवट्याच्या, काठावर एका पाणीपुरवठा योजनेचं पंपघर होणार होतं. काठावर वरती गाळ, खाली मुरूम, म्हणून पंपघर पाइलांवर उभं करायचं ठरलं होतं. पाइल म्हणजे जमिनीत बारा मीटर खोल ओतलेला काँक्रीटचा खांब. आमचा पाइल सहाशे मिलिमीटर व्यासाचा होता. त्यावर साठ टन भार येणार, म्हणून चाचणीत दीडपट, म्हणजे नव्वद टन टाकून बघायचं. निकष सोपा आहे: नव्वद टनांखाली पाइल बारा मिलिमीटरपेक्षा जास्त खचता कामा नये.

आता हे पाणी कुणासाठी, तर इंदापूरच्या वरच्या अंगाच्या गावांसाठी. त्यात शेळगाव होतं, आणि शेळगाव माझं माहेर. आईचा दर रविवारी फोन यायचा आणि जेवलीस का विचारायच्या आधी ती विचारायची, "तुझ्या खांबाचं काय झालं गं? आमच्या नळाला पाणी कवा यायचं?" खांब माझा नव्हता, पण तिला कोण सांगणार. तिच्या दृष्टीने योजना मीच बांधत होते.

पावसाळ्यात धरण भरत आलं की फुगवटा त्या जागेपर्यंत चढतो. त्याआधी पाइल आणि वरचा ओटा झाला तर झाला, नाहीतर काम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाण्याखाली. चाचणीचा पाइल नापास झाला तर आणखी चाचण्या, नवा आराखडा, नवीन पाइल, आणि तेवढ्यात पाणी आलंच म्हणून समजा. म्हणजे आईच्या नळाचं एक वर्ष माझ्या टेबलावर उघडं पडलं होतं.

आणि नोंदवही म्हणत होती, बारा पॉइंट चार.

मी पुन्हा बेरीज केली. सरासरी पुन्हा काढली. बारा पॉइंट चारच. मी कपाळाला हात लावला आणि चहा मागवला.

नोंदवही आबांनी लिहिली होती. आबा आमचे गेजवाले, म्हणजे पाइल किती खचला ते दाखवणाऱ्या तबकड्या वाचणारे. पणदऱ्याचे, घरी चार म्हशी, पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालून मग साइटवर येणारे. गेज वाचण्यात त्यांचा हात धरणारा कुणी मी पाहिला नाही. मिलिमीटरचा शंभरावा भाग ते चष्मा न लावता वाचतात आणि आकडे असे वळणदार काढतात की लग्नपत्रिका लिहायला द्याव्यात. खाडाखोड नाही. म्हणजे आकडा चुकीचा वाचला असेल ही शक्यता पहिल्याच चहात निकालात निघाली.

सरांनी वहीवर नजर टाकली. सर माणूस वाईट नाही, घाई वाईट.

"हे बघ," ते म्हणाले, "नव्वद टन चढले दिवसा अकराला. दुसऱ्या दिवशी अकराला वाचन किती? अकरा पॉइंट एक. मग झालं की. दुपारची तीन-चार वाचनं गाळ, वादळ-बिदळ आलं असेल. पास लिही."

"वादळ आल्याचं वहीत नाही."

"मग नापास लिही."

"तेही पटत नाही."

"मग काय लिहायचं? 'पटत नाही' असा रकाना आहे का आपल्या तक्त्यात?"

खरं सांगते, गाळायचा मोह मला त्यांच्यापेक्षा जास्त झाला होता. पाइल पास व्हावा असं मनापासून वाटत होतं, आणि म्हणूनच माझा माझ्यावर विश्वास नव्हता. ज्या अहवालाची वाट स्वतःची आई बघतेय, त्यातली वाचनं गाळणारी मी कोण? पोरीने आईच्या नळासाठी आकडे खाल्ले, एवढंच उरलं असतं. मी सरांना म्हटलं, मला दोन दिवस द्या. त्यांनी हात जोडले आणि निघून गेले.

मग मी आलेख नीट काढायला बसले. भार आणि खचण्याचा आलेख सरळसोट होता. बारा-बारा टनांच्या पायऱ्या, शेवटची सहाची. साठ टनांना पाच पॉइंट तीन, चौऱ्याऐंशीला नऊ पॉइंट एक, नव्वद चढले तेव्हा दहा पॉइंट चार. साठच्या पुढे रेघ जरा जास्त उतरती होते, पण कुठे कडेलोट नाही. भार काढल्यावर साडेचार मिलिमीटर वर उसळलेला. दमलेला माणूस पाटी उतरवल्यावर पाठ सरळ करतो, तसा.

गडबड दुसऱ्या आलेखात होती. नव्वद टन ठेवून चोवीस तास थांबायचं असतं आणि दर तासाला वाचन घ्यायचं असतं. त्या रेघेने हळूहळू खाली उतरत जाऊन आडवं पडायला हवं. आमची रेघ दुपारी एकपर्यंत शहाण्यासारखी वागली, दहा पॉइंट आठ. मग जी खाली घसरली ती चार वाजता बारा पॉइंट चारला गेली. आणि मग वर आली. संध्याकाळी आठला अकरा. नंतर सकाळी अकरापर्यंत जेमतेम एक दशांश.

आलेखाच्या कागदावर खोली खालच्या बाजूला मोजतात, त्यामुळे तो एक खड्डा दिसत होता. मी कागद उलटा धरला तेव्हा तो उंचवटा दिसला, आणि त्या उंचवट्याकडे बघत मी बराच वेळ बसले.

नव्वद टन डोक्यावर आहेत, जॅकच्या दाबाचा काटा हललेला नाही, आणि पाइल आपण होऊन दीड मिलिमीटर वर येतो? गाळात रुतलेली गाडी कधी आपोआप वर आली आहे? खाली गेलेला पाइल भार उतरवल्याशिवाय वर येत नाही. म्हणजे तो खाली गेलाच नव्हता.

मग मी सरासरी सोडून दिली आणि चार गेज वेगवेगळे मांडले. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण सरासरीची सवय वाईट. पाइलच्या डोक्यावर चार गेज असतात, दोन एका लोखंडी तुळईवर बसवलेले, दोन दुसरीवर. या तुळयांना साइटवर डेटम म्हणतात. त्यांचे पाय पाइलपासून लांब जमिनीत रोवलेले असतात, म्हणजे पाइल खचला तरी त्या जागच्या जागी राहतात आणि गेज त्यांच्यावरून पाइल किती खाली गेला ते मोजतो. दुपारी चारला पूर्वेकडचे दोन गेज दहा पॉइंट नऊ म्हणत होते. पश्चिमेकडचे दोन तेरा पॉइंट नऊ. पाइल पश्चिमेला कलला म्हणावं तर पूर्वेची बाजू थोडी तरी उचलायला हवी, आणि ती तर हललीसुद्धा नव्हती. आठ वाजता चारही जण पुन्हा एकमेकांशी बोलायला लागले.

पश्चिमेकडचे. दुपारी. सूर्य मावळला की बरे.

मी एकटीच हसले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने सरांच्या केबिनकडे पाहिलं.

लोखंड तापलं की वाकतं. तुळईचा वरचा भाग उन्हात तापला आणि खालचा गार राहिला, की ती मधोमध कमानीसारखी वर उचलते. तिच्यावरचा गेजही तिच्याबरोबर वर जातो, पाइलवर टेकलेली त्याची दांडी लांबते आणि तो सांगतो, पाइल खाली गेला. पाइल बिचारा तिथेच. हे आम्हाला माहीत असतं, म्हणून तर चाचणीच्या जागी चारी बाजूंनी ताडपत्री लावतात आणि तुळयांवर ऊन पडू देत नाहीत. आबा तर त्याबाबतीत इतके कडक की एकदा ताडपत्रीला भोक होतं म्हणून त्यांनी स्वतःचं उपरणं बांधलं होतं.

मी आबांना फोन लावला. "आबा, नव्वद टन चढले त्या दिवशी दुपारी ताडपत्री जागेवर होती ना?"

पलीकडे म्हैस हंबरली. आबा म्हणाले, "वहीत लिवलंय ते समदं खरं हाय, ताई."

"ते मला माहीत आहे. ताडपत्रीचं विचारतेय."

"धार काढतुया. मागनं बोलतो," म्हणाले आणि फोन ठेवला. दुपारचे बारा वाजले होते. बाराला कुठली म्हैस धार देते?

दुसऱ्या दिवशी मी भिगवणमार्गे पळसदेवला गेले. चाचणीचा सांगाडा अजून उभा होता: मध्ये पाइलचं डोकं, त्यावर जॅक, वर लोखंडी माच आणि माचावर एकशे पंधरा टन वाळूची पोती. माचाच्या चारी बाजूंना निळी ताडपत्री व्यवस्थित बांधलेली. आबा बाजूला बसून जॅक पुसत होते. माझ्याकडे बघून त्यांनी तो आणखी जोरात पुसायला घेतला.

मी काही विचारायच्या आधीच काठावरून चार म्हातारे आले. गावातले. त्यांचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं, त्यामुळे काठावर काहीही नवीन उभं राहिलं की बघायला येणं हा त्यांचा हक्कच. त्यांच्यातले सगळ्यात थोरले, ज्यांना सगळे तात्या म्हणत होते, ते माझ्यापाशी टेकले.

"तुमी मोठ्या साहेब व्हय?"

"नाही हो. मी नुसती लिहिते."

"मग हे लिवा," तात्या म्हणाले. "तुमचा ह्यो आबा लई गुणाचा माणूस. आमी त्या दिशी बघाया आलो हुतो, शंभर टन कसं उचलत्यात ते. ऊन असलं, की टाळकं फुटायचं. ह्यानं काय केलं, ती तिकडची ताडपत्री सोडली आन् हितं चार बांबूंवर मांडव घातला आमच्यासाटनं. च्या पाजला. सांजच्यापत्तूर बसलो."

"तिकडची म्हणजे कुठली, तात्या?"

तात्यांनी काठी उचलली आणि मावळतीकडे रोखली.

जॅक पुसणं थांबलं होतं. मी आबांकडे पाहिलं आणि मला इतका राग आला की सांगता सोय नाही. मग त्यांचं तोंड पाहिलं आणि निम्मा राग उतरला. उरलेला निम्मा मी बोलून काढला.

"आबा, तीस वर्षं गेज वाचताय. उपरणं बांधणारे तुम्ही!"

"ताई, दारात आल्याली म्हातारी माणसं. उन्हात उभी करू? आमच्यात तसं करत न्हाईत." मग हळूच म्हणाले, "वर माच हाय, त्येची सावली पडती, असं वाटलं. दीस कलल्यावर ऊन आत शिरतंय, ते ध्यानातच आलं न्हाय. आकडं वाढाया लागलं तवा दोनदा-दोनदा वाचलं. पर दिसलं ते लिवलं. खोटं कसं लिवू?"

"आणि ताडपत्रीचं का नाही लिहिलं?"

"त्याला रकाना न्हाय वहीत," आबा म्हणाले.

सर आणि आबा, दोघांनाही रकाना हवा होता. मला मात्र त्या क्षणी आबांचा अभिमानही वाटला. आकडे वाढताना त्यांच्या हातात पेन होतं आणि आजूबाजूला गेज वाचता येणारं कुणी नव्हतं. अकरा लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. त्यांनी बारा पॉइंट चार लिहिलं, नेहमीच्याच वळणदार अक्षरात. आणि तेच खरे आकडे असल्यामुळे मला तो उंचवटा दिसला.

पण माझ्या पटण्याने अहवाल होत नाही. योजनेचे उपअभियंता इंदापूरला बसायचे. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते थंडपणे म्हणाले, "मॅडम, गोष्ट छान आहे. पुरावा?"

पुरावा उभा करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. जॅक सैल सोडलेला आणि माच स्वतःच्या पायांवर, त्यामुळे पाइलवर आता काहीच भार नव्हता, तो नुसता उभा. त्याच तुळया, तेच गेज, तीच जागा. सकाळी सगळे गेज शून्यावर लावले. एक वाजता आबांनी पश्चिमेची ताडपत्री सोडली, पण या खेपेला साहेबांच्या सांगण्यावरून. आणि आम्ही सगळे मिळून काहीच न करता बसलो. माझ्या नोकरीतला हा सगळ्यात आरामाचा दिवस आणि सगळ्यात धाकधुकीचाही. गेज हलला नाही तर पाइल नापास, आणि रविवारी आईला काय सांगायचं?

तात्या मंडळी अर्थातच हजर होती. सोडलेल्या ताडपत्रीचा मांडव पुन्हा त्यांच्याच डोक्यावर गेला.

दोन वाजता पश्चिमेचे गेज सरकले. तीनला दीडच्या पुढे. चारला दोन पॉइंट आठ. पूर्वेचे दोघे जागचे हलले नाहीत. उपअभियंता गुडघ्यावर बसून स्वतः वाचत होते, पँटला गाळ लागला होता. ज्या पाइलवर एक किलोही नव्हता तो पावणेतीन मिलिमीटर "खचला" होता.

"न खचता खचला की हो," तात्या म्हणाले, "आमचं पीक बुडाल्यावर गावचा पुढारी खचतो, तसा."

साहेब हसले, आणि मग मला हसावंसं वाटलं. ताडपत्री परत बांधली. सातपर्यंत सुया शून्याजवळ आल्या.

"अहवालात सगळं लिहा," साहेब जाताना म्हणाले. "बारा पॉइंट चारसकट. काही गाळलं तर मी परत पाठवीन." मी म्हटलं, गाळायचं असतं तर मी चार दिवसांपूर्वीच गाळलं असतं.

अहवाल लिहिला. चारही गेजचे वेगळे आलेख, सरासरीचा आलेख, त्यातला उंचवटा, बिनभाराच्या पाइलची दुपार, सगळं जोडलं. निष्कर्षात लिहिलं की बारा पॉइंट चार हे वाचन तुळई तापल्यामुळे आलं आहे. पूर्ण भाराखाली चोवीस तासांअखेर खचणं अकरा पॉइंट एक, निकष बारा, म्हणून पाइल स्वीकारार्ह. आणि खाली एक परिच्छेद असा लिहिला जो सरांना अजिबात आवडला नाही: साठ टनांपुढे रेघ जास्त उतरते आणि भार काढल्यावरही सहा पॉइंट सहा मिलिमीटर खचणं उरतं, त्याअर्थी पाइलच्या तळाशी थोडा गाळ राहिला असावा, तरी पुढच्या प्रत्येक पाइलचा तळ ओतकामाआधी नीट धुऊन घ्यावा.

"पास झालाय ना? मग हे कशाला?" सर म्हणाले.

"काठावर पास झालाय. काठावर पास झालेल्या पोराच्या आईबापांना मास्तर सांगतात ना, गणिताकडे लक्ष द्या म्हणून."

सरांनी सही केली.

एकच वाक्य अडलं होतं. मी लिहिलं होतं: 'पाहण्यास आलेल्या ग्रामस्थांना सावली मिळावी म्हणून पश्चिमेकडील ताडपत्री दुपारी एक ते सहा या वेळेत काढण्यात आली होती.' आबांना वाचून दाखवलं. मला वाटलं, नाव आलं नाही म्हणून त्यांना हायसं वाटेल.

आबा म्हणाले, "कुणी काढली ते न्हाय लिवलं. वाचणाऱ्याला वाटायचं वाऱ्यानं काढली. मी काढली, माझं नाव घाला."

"आबा, त्याची गरज नाही."

"हाय. तीस वर्सं माझ्या आकड्याखाली माझी सही हाय. चुकीखाली का नको?"

मी नाव घातलं. आबांनी त्या पानावर सही केली, तीसुद्धा लग्नपत्रिकेसारखी. मला काय वाटलं ते ऑफिसात दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी प्रिंटरवर ओरडले.

अहवाल मंजूर झाला. पुढच्या पाइलांचे तळ धुतले गेले. पाणी चढायच्या आधी ओटा झाला. आईने रविवारी विचारलं, खांबाचं काय झालं, आणि मी पहिल्यांदाच म्हणाले, "उभा आहे."

पहिल्या अहवालानंतर महिन्याभराने, ओटा व्हायच्या आधी, त्याच काठावर दुसऱ्या पाइलची चाचणी झाली होती. चोवीस तासांअखेर खचणं सात पॉइंट सहा, रेघ शेवटपर्यंत शहाणी, उंचवटा कुठेच नाही. मी खुशीत अहवाल लिहायला घेतला. वापरलेल्या साहित्याची यादी आबा नेहमी स्वतःच्या हाताने देतात. तिच्यात जॅक एक, दाबमापक एक, गेज चार, तुळया दोन असं सगळं नेहमीचं होतं. खाली आबांनी आणखी एक ओळ वाढवली होती: ताडपत्र्या दोन, एक तुळईची, एक पाहुण्यांची.

मी ती ओळ जशीच्या तशी टाइप केली. उपअभियंत्यांकडून प्रत परत आली तेव्हा त्यांनी यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण केली होती, त्या ओळीपुढेही.